ॲपल वॉच : ॲप्स काढून टाकली तरी जागा होत नाही, आणि काही दिवसांनी ती परत येतात

ही तक्रार बहुतेक एकाच रूपात येते. घड्याळावर अपडेट येतं, जागा नाही म्हणून अडतं, माणूस बसून दहा-पंधरा ॲप्स उडवतो, जागा थोडीशी वाढते पण पुरत नाही. पुढे कधीतरी फोन बदलला किंवा घड्याळ पुन्हा जोडलं की तीच ॲप्स परत रांगेत उभी. मग घड्याळ खराब आहे, असा निष्कर्ष निघतो. घड्याळ ठणठणीत असतं. ॲप्स आत येण्याचा दरवाजा उघडा राहिलेला असतो आणि जागा ज्यांनी खाल्लीय त्यांना कुणी हातच लावलेला नसतो.

हे सगळं ॲपल वॉचबद्दल आहे. अँड्रॉइडच्या घड्याळांचे मेनू वेगळे असतात, त्यामुळे खालचे रस्ते तिथे शोधू नका.

आधी दरवाजा बंद करा

आयफोनवरच्या कित्येक ॲप्सच्या पोटात घड्याळासाठीचा एक छोटा भाग असतो. टॅक्सीचं ॲप, जेवण मागवण्याचं ॲप, नोंदवहीचं ॲप, बँकेचं ॲप. फोनवर ॲप घेतलं की तो भाग आपोआप घड्याळावर जातो, कारण मुळातली मांडणीच तशी ठेवलेली असते. तुम्हाला कुणी विचारत नाही. त्यामुळे आपण घड्याळावर फारसं काही घातलेलंच नाही, असं शपथेवर सांगणाऱ्याच्या घड्याळावरही तीस-चाळीस ॲप्स निघतात.

फोनवरचं Watch ॲप उघडा. तळाशी My Watch निवडा, मग General, आणि तिथे Automatic App Install बंद करा. साफसफाईची सुरुवात इथूनच करायची. आधी ॲप्स काढत बसलात आणि हे बटण चालूच राहिलं, तर फोनवर पुढचं नवीन ॲप येईल तेव्हा घड्याळावर त्याची पिल्लं येतच राहतील. ‘काढलेली ॲप्स परत आली’ असं लोक सांगतात, त्यातली बरीचशी तर परत आलेली नसतातच. ती नव्याने आलेली असतात. गर्दी तेवढीच दिसते म्हणून तीच वाटतात.

खरोखरची परत येणारीही असतात. फोनवरून एखादं ॲप काढून पुन्हा घेतलं, नवीन फोन घेऊन घड्याळ त्याला जोडलं, किंवा घड्याळाची फोनशी असलेली जोडणी तोडून ते परत जोडलं, अशा वेळी ती येतात. त्यातही घड्याळ नव्याने जोडलं की Automatic App Install पुन्हा चालू अवस्थेत असू शकतं. एकदा बंद केलं म्हणून कायमचं बंद, असं धरून चालू नका. जोडणी झाली की पहिल्यांदा तिथे जाऊन बघायचं.

हे बटण बंद केल्याने आधी बसलेली ॲप्स जात नाहीत. ती वेगळी काढावी लागतात. Watch ॲपमध्ये My Watch वर खाली सरकत गेलात की घड्याळावर असलेल्या ॲप्सची यादी येते. एकेकावर टॅप करून Show App on Apple Watch बंद करायचं. त्याच्याही खाली Available Apps असतात, म्हणजे फोनवर आहेत पण घड्याळावर नाहीत अशी. त्यातलं एखादं हवं असेल तर समोरचं Install दाबायचं. घड्याळावरूनच काढायचं असेल तर ॲप्सच्या पडद्यावर बोट दाबून धरा. चिन्हं थरथरायला लागली की कोपऱ्यातल्या फुलीवर टॅप करा. यादीच्या रूपात ॲप्स दिसत असतील तर ओळ डावीकडे सरकवून कचऱ्याच्या डब्यावर. मी स्वतः फोनवरूनच काढते. बोटाएवढ्या पडद्यावर फुली शोधत बसण्याला काही अर्थ नाही.

घड्याळावरून काढलं म्हणजे फोनवरचं ॲप जात नाही, त्याची चिंता नको. चिंता दुसऱ्या गोष्टीची करा. धावणं, पोहणं, झोप मोजणारी किंवा आवाज रेकॉर्ड करणारी ॲप्स आपली नोंद आधी घड्याळातच ठेवतात आणि सवडीने फोनवर पाठवतात. पाठवायच्या आधी ॲप काढलं तर ती नोंद गेलीच. म्हणून असं ॲप काढण्यापूर्वी ते घड्याळावर एकदा उघडायचं, फोन जवळ ठेवायचा आणि शेवटची नोंद फोनवरच्या ॲपमध्ये दिसतेय ना ते बघायचं.

जागा कोण खातंय ते बघा

आता मुख्य मुद्दा. घड्याळाच्या ॲपचा आकार किती असावा याला ॲपलने मर्यादा घातलेली आहे, ७५ एमबी. प्रत्यक्षात बहुतेक ॲप्स त्याच्या आसपासही नसतात. म्हणजे तुम्ही दहा ॲप्स काढलीत तरी हाती एखाददोनशे एमबी लागणार. घड्याळाच्या अपडेटला मात्र डाउनलोड झालेली फाइल ठेवायला आणि वर ती उलगडायलाही जागा लागते, तिथे हे दोनशे एमबी कुठे पुरणार?

मोठा घास गाणी, पॉडकास्ट आणि फोटो घेतात. बाहेरच्या ॲप्सच्या बाबतीतही ॲप लहान आणि त्यातला साठा मोठा, असंच असतं. स्पॉटिफायचं उदाहरण घ्या. २०२१ पासून त्याच्या प्रीमियम ग्राहकांना घड्याळावर गाणी उतरवून ठेवता येतात. ॲप स्वतः चिमूटभर, पण तीन-चार प्लेलिस्ट उतरवल्या की जागेचा फडशा. असं असेल तर ॲप काढण्याची गरजच नाही, त्यातले डाउनलोड काढा.

हे अंदाजाने ठरवू नका. Watch ॲपमध्ये General मध्ये Storage उघडा, किंवा घड्याळावर Settings, General, Storage. थोडा वेळ ते नुसतंच फिरत राहतं, मग यादी येते, सगळ्यात जड ते सगळ्यात वर. वरच्या चार-पाच ओळींवर काम करायचं. खालच्या ओळींना हात लावून जागा मिळत नाही, पसारा कमी होतो एवढंच. दोन्ही कामं चांगली, पण वेगळी.

आत्याच्या घड्याळाचं उदाहरण सांगते, कारण त्यात हे सगळं एकदम आलं. तिच्याकडे सिरीज ३ आहे, जीपीएसवालं, म्हणजे ८ जीबीचं. (याच सिरीजचं सिमवालं मॉडेल १६ जीबीचं होतं. सिरीज ४ ला १६, सिरीज ५ पासून ३२ आणि सिरीज ९ पासून ६४ जीबी. त्यामुळे नव्या घड्याळांत जागेची मारामारी क्वचित, तिथे त्रास पसाऱ्याचा.) आठमधली बरीच जागा सिस्टमनेच घेतलेली असते.

“अगं, सगळी ॲपं काढली मी, तरी भरलंय भरलंयच म्हणतंय,” ती फोनवर सांगत होती.

“आत्या, Storage उघड आणि सगळ्यात वर काय लिहिलंय ते वाच.”

वर लिहिलं होतं Music, दीड जीबीच्या थोडं खाली. त्याखाली Podcasts, पाचशे एमबीच्या पुढे. मग Photos, सत्तरेक एमबी. त्यानंतर उरलेली ॲप्स, कुणी आठ, कुणी वीस, एखादं चाळीस एमबीचं. मोकळी जागा साडेसहाशे एमबीच्या घरात. तिने मेहनतीने काढलेल्या ॲप्सनी मिळून दोनशेही दिले नव्हते. आणि ही गाणी तिने घातली कधी? तिने घातलीच नव्हती. ॲपल म्युझिकची वर्गणी असेल तर अलीकडे ऐकलेली गाणी घड्याळावर आपोआप उतरतात. ती सकाळी फोनवर अभंग लावते आणि घड्याळ मुकाट्याने सगळे उतरवून घेत होतं. तिच्याकडे ब्लूटूथ इयरफोनही नाही, घड्याळावरून ती एक ओळसुद्धा ऐकत नाही!

उपाय तिघांचेही Watch ॲपमध्येच आहेत. Music मध्ये जाऊन Recent Music बंद करायचं आणि यादीतले नको ते अल्बम काढायचे. Podcasts मध्ये आपोआप भाग उतरवणारं बटण बंद करायचं. Photos मध्ये Photos Limit सगळ्यात लहान आकड्यावर आणायचं. शेवटी घड्याळ चार्जरवर ठेवून फोन शेजारी ठेवायचा. फोनवर बटण बंद केल्याबरोबर घड्याळावरची फाइल त्याच क्षणी जात नाही. दोघांचं आपसांत बोलणं व्हायला वेळ लागतो. आकडा हलत नाही म्हणून तीच तीच बटणं चालूबंद करत राहिलात तर घोळ वाढतो. अर्ध्या तासाने घड्याळ बंद करून चालू करा आणि मग Storage बघा. कित्येकदा मोकळी झालेली जागा रीस्टार्टनंतरच आकड्यात दिसते.

याच यादीत अर्धवट उतरलेल्या अपडेटची फाइलही कधी कधी बसलेली असते. Software Update अशी ओळ दिसली आणि अपडेट मात्र पुढे सरकत नसेल, तर ती फाइल तिथूनच पुसून नव्याने उतरवलेली बरी.

घड्याळासोबत आलेली ॲप्सही काढता येतात, पण जागेसाठी ते करू नका. ती इतकी हलकी असतात की फरक जाणवत नाही.

सिरीज ३ ची वेगळी गोष्ट

आत्याच्या घड्याळावर गाणी-पॉडकास्ट गेल्यावर मोकळी जागा अडीच जीबीच्या आसपास आली. एवढ्याने व्हायला हवं होतं. झालं नाही. फोनने सांगितलं की अपडेटसाठी घड्याळ अनपेअर करून पुन्हा जोडा. सिरीज ३ च्या बाबतीत हे ठाऊक असलेलं दुखणं आहे, इतकं की २०२१ मध्ये आयओएस १४.६ पासून फोन स्वतःच हा सल्ला द्यायला लागला. ८ जीबीच्या घड्याळाला हे चुकत नाही, त्यामुळे तिथे ॲप्स काढण्यात दुपार घालवण्यापेक्षा थेट या वाटेला लागलेलं परवडतं.

आत्या म्हणाली, हे तर मागच्या वर्षी दुकानात करून आणलं होतं, तेव्हाही सगळं परत आलं. ते का आलं, हे पुढच्या पडद्यावर कळतं. अनपेअर करताना फोन घड्याळाचा बॅकअप आपोआप घेतो. परत जोडताना विचारतो, बॅकअपवरून आणू की नवीन म्हणून बसवू? दुकानातल्या मुलाने साहजिकच बॅकअप निवडला, कारण गिऱ्हाईकाला ‘जसंच्या तसं’ हवं असतं. जसंच्या तसं म्हणजे पसाऱ्यासकट.

आम्ही Set Up as New निवडलं. पुढे ॲप्स बसवायची का, असं विचारणारा पडदा येतो, तिथे सगळी बसवा म्हणायचं नाही, Choose Later म्हणायचं. जोडणी पूर्ण झाल्याबरोबर, घड्याळ अजून मनगटावर चढवायच्या आधी, Automatic App Install आणि Recent Music दोन्ही बंद. मग अपडेट. घड्याळ चार्जरवर, निदान ५० टक्के चार्ज, फोन वायफायवर आणि जवळ. अपडेट झाल्यावर तिला खरोखर लागणारी ॲप्स Available Apps मधून एकेक घेतली, ती पाच भरली.

नवीन म्हणून बसवताना काय जातं, तेही सांगते. घड्याळाच्या तबकड्यांची मांडणी, जोडलेले इयरफोन, बारीकसारीक सेटिंग्ज जातात. चाललेली पावलं, व्यायामाचा इतिहास जात नाही, कारण तो फोनवरच्या Health मध्ये असतो. आत्याचा जीव तेवढ्यातच अडकला होता. अनपेअर करायला ॲपल आयडीचा पासवर्ड लागतो. तो आठवतोय याची खात्री आधी करा, नाहीतर काम मध्येच लटकतं.

ॲप अर्ध्यावर अडकलं तर

ॲप बसवताना किंवा अपडेट होताना चिन्ह राखाडी होतं, त्यावर गोल फिरत राहतो आणि तासाभराने बघितलं तरी तिथेच. पहिला संशय जागेचा घ्या, वर सांगितल्याप्रमाणे Storage बघून. जागा असेल तर दुखणं बहुतेक वाटेत असतं. फोन शेजारी असला की घड्याळ शक्यतो ब्लूटूथवरून काम भागवतं, आणि ब्लूटूथची वाट चिंचोळी आहे. घड्याळाला वायफायवर ढकललं की तेच ॲप झटक्यात उतरतं.

त्यासाठी फोनचं ब्लूटूथ बंद करायचं, पण ते Settings मध्ये जाऊन. वरून खाली ओढून येणाऱ्या Control Center मधलं निळं बटण दाबलंत तर काही होणार नाही. ते बटण इयरफोन, स्पीकर सोडवतं, घड्याळाची जोडणी मात्र तशीच ठेवतं. इथे बरेच जण फसतात आणि हा उपाय चालत नाही म्हणून सांगतात. Settings मधून बंद केल्यावर घड्याळावरचं App Store उघडा आणि ॲप तिथूनच घ्या. २०१९ च्या वॉचओएस ६ पासून घड्याळाला स्वतःचं App Store आहे. काम झालं की ब्लूटूथ आठवणीने चालू करा, नाहीतर दिवसभर घड्याळावर फोन वाजणार नाही.

जुन्या घड्याळांना फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय कळतं. घरच्या राउटरची दोन नावं असतील आणि फोन ५ वाल्याला चिकटलेला असेल, तर घड्याळाला नेट मिळत नाही. फोन एकदा २.४ वाल्या नावाला जोडून द्या. ५ गिगाहर्ट्झ सिरीज ६ पासून आलं.

तरीही हलत नसेल तर Watch ॲपमधून त्या ॲपचं बटण बंद करा, फोन आणि घड्याळ दोन्ही रीस्टार्ट करा आणि मग पुन्हा बसवा. घड्याळ गोठलंच असेल तर बाजूचं बटण आणि क्राउन दोन्ही एकदम दहा सेकंद, सफरचंद दिसेपर्यंत दाबून धरायचं. अपडेट चालू असताना हे करायचं नाही.

अपडेट आपोआप ठेवायचे की नाही

घड्याळावर Settings मध्ये App Store, तिथे Automatic Updates आहे. ३२ जीबी किंवा त्याहून मोठं घड्याळ असेल तर खुशाल चालू ठेवा. ८ किंवा १६ वाल्यांनी बंद ठेवून अधूनमधून हाताने करावं. घड्याळावरच्या App Store मध्ये अगदी तळाशी Account, त्यात Updates. तिथे यादी वाचताना एक फायदा होतो. ज्या ॲपचं नाव बघून ‘हे काय आहे?’ असं वाटतं, ते काढायला हरकत नाही.

जुन्या घड्याळावर मात्र एक खोच आहे. सिरीज ३ वॉचओएस ८ च्या पुढे गेलं नाही. फोनवरचं ॲप दरम्यान नवीन होत राहतं, आणि त्याच्या आजच्या आवृत्तीतला घड्याळाचा भाग कदाचित वॉचओएस ९ किंवा १० मागत असतो. घड्याळावर बसलेलं जुनं रूप चालतंय तोवर चालतं. ते तुम्ही काढलंत आणि पुन्हा घ्यायला गेलात तर नव्याला घड्याळ नको म्हणेल आणि जुनं मिळेलच असं नाही. म्हणून जुन्या घड्याळावरचं रोजच्या वापरातलं ॲप ‘एकदा काढून घालून बघू’ म्हणून काढू नका. आधी App Store वर त्या ॲपच्या माहितीत कोणतं वॉचओएस लागतं ते वाचा. आत्याला अनपेअर करण्याआधी तिच्या पाचही ॲप्सचं हे बघून घेतलं होतं. त्यांतलं एखादं परत येणार नसतं, तर अपडेट सोडून दिलेलं तिला जास्त चाललं असतं, असं माझं मत.

जागा झाली, पण कटकट तीच

ॲप काढलं तरी त्याचे संदेश मनगटावर येतच राहतात, ही शेवटची तक्रार. ते संदेश घड्याळावरच्या ॲपचे नसतातच. फोनवर आलेली सूचना घड्याळ आपलं दाखवतं, त्याला घड्याळावर ॲप असण्याची गरज नाही. Watch ॲपमध्ये Notifications उघडून तळापर्यंत जा. Mirror iPhone Alerts From या मथळ्याखाली फोनवरच्या ॲप्सची लांबलचक यादी आहे. खरेदी आणि जेवण मागवण्याच्या ॲप्सची बटणं तिथे बंद करा, फोनवरच्या सूचना तशाच राहतील.

मधमाशांच्या पोळ्यासारख्या चिन्हांत ॲप सापडत नसेल, तर Watch ॲपमध्येच App View मध्ये List View निवडा. नावं वाचता येतात, आणि वयस्कर माणसांना तेच सोयीचं पडतं.

आणि पैसे भरून घेतलेलं ॲप असेल तर ते काढल्याने वर्गणी थांबत नाही. ती फोनच्या Settings मध्ये आपल्या नावावर टॅप करून Subscriptions मधून वेगळी रद्द करावी लागते. आत्याच्या यादीत तिथे एक ध्यानधारणेचं ॲप निघालं, घड्याळावरून कधीच काढलेलं, पैसे मात्र दर महिन्याला कापले जात होते.